विश्लेषण : माल हरवला, पण नेमका कुठे? निर्यातदाराला भरपाई किती, हे ठरते कसे?

संसदेने २०२५ मध्ये सागरी व्यापाराचे दोन जुने कायदे बदलले. १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग कायद्याच्या आणि १९२५ च्या समुद्रमार्गे मालवाहतूक कायद्याच्या जागी नवे कायदे आले. मात्र कारखान्यातून ट्रकने निघून, जहाजाने समुद्र ओलांडून, परदेशात पुन्हा ट्रकने ग्राहकाच्या गोदामात पोहोचणाऱ्या मालाचा कायदा वेगळा आहे. तो म्हणजे १९९३ चा बहुविध मालवाहतूक कायदा, आणि त्याला या फेरबदलात हात लागलेला नाही. तीन-चार वाहतूकदारांच्या हातून गेलेला माल वाटेत कमी झाला आणि तो कुठे कमी झाला हे कुणालाच ठाऊक नसले, तर निर्यातदाराच्या हाती किती पडणार, हे याच कायद्यावर अवलंबून असते.

माल कुठे गेला, हे कळत का नाही?

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज सुमारे ६४० कंटेनरांसह बुडाले. अशा दुर्घटनेत नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले, याबद्दल वाद होत नाही. पण रोजच्या व्यवहारातले नुकसान असे डोळ्यांसमोर घडत नाही. सोलापूरहून निघालेला टॉवेलचा कंटेनर दोन महिन्यांनी जर्मनीतल्या गोदामात उघडला जातो आणि २०० खोक्यांऐवजी १६० निघतात. ट्रकवाला म्हणतो, बंदरावर सील शाबूत होते. जहाज कंपनी म्हणते, आम्ही बंद पेटी घेतली आणि बंद पेटी दिली. ज्या बंदरात कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढला, तिथल्या टर्मिनलशी निर्यातदाराचा करारच नसतो. शेवटचा ट्रकचालक म्हणतो, मला मिळाले ते मी पोहोचवले. आणि या प्रत्येकाकडे आपल्या म्हणण्यापुरता एखादा कागद असतो.

कंटेनर हा मुळात न उघडता पुढे जाण्यासाठीच बनवलेला आहे. आतला माल मोजायचे प्रसंग दोनच, भरताना आणि रिकामा करताना. मधल्या प्रत्येक हस्तांतरणात फक्त पेटी बाहेरून पाहिली जाते आणि सीलचा क्रमांक नोंदवला जातो. त्यामुळे सीमाशुल्क तपासणीसाठी सील तोडून नवे लावले गेले असेल आणि त्याची नोंद नीट नसेल, तर माग तिथेच संपतो.

मग निर्यातदाराने जाब कुणाला विचारायचा?

ज्याने संपूर्ण प्रवासाची हमी घेतली, त्याला. १९९३ च्या कायद्याचा गाभा हाच आहे. किमान दोन प्रकारच्या वाहनांनी होणारी वाहतूक जो एकाच करारावर आपल्या जबाबदारीने पार पाडतो, तो ‘बहुविध वाहतूक परिचालक’. त्याची स्वतःची जहाजे किंवा ट्रक असण्याची गरज नाही, बहुतेकांकडे ते नसतातच. अशा परिचालकाला नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. ही नोंदणी मुंबईतील नौवहन महासंचालकांच्या कार्यालयाकडे होत आली आहे.

निर्यातदाराला दोनच गोष्टी दाखवाव्या लागतात. सोपवताना माल पूर्ण होता आणि पोहोचताना कमी होता. पहिल्या गोष्टीचा पुरावा परिचालकाने दिलेल्या वाहतूक दस्तऐवजातच असतो, दुसरीचा माल उतरवून घेतानाच्या पावतीत आणि सर्वेक्षण अहवालात. त्यानंतर आपली, आपल्या नोकरांची वा एजंटांची चूक किंवा हयगय नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार परिचालकावर येतो. माल नेमका कुठे गेला हे ठाऊक नसलेल्या माणसाला तिथे आपली चूक नव्हती हे सिद्ध करणे फार अवघड असते. म्हणजे टप्पा अज्ञात असला, तर जबाबदारी टाळण्याची वाट परिचालकासाठीच अरुंद होते. येथवर कायदा निर्यातदाराच्या बाजूने झुकलेला आहे.

फॉरवर्डर म्हणजेच परिचालक का?

नाही, आणि बहुतेक दावे पहिल्यांदा अडतात ते इथेच. फ्रेट फॉरवर्डर दोन भूमिकांत काम करतो. एका भूमिकेत तो निर्यातदाराचा एजंट असतो. जहाजावर जागा आरक्षित करतो, ट्रक ठरवतो, कागदपत्रे करतो आणि त्याबद्दल आपले कमिशन घेतो. अशा वेळी त्याची जबाबदारी योग्य वाहतूकदार निवडणे आणि सूचना नीट पाळणे एवढीच. माल हरवल्यास तो त्या-त्या वाहतूकदाराकडे बोट दाखवू शकतो, आणि ते रास्तही असते.

दुसऱ्या भूमिकेत तो स्वतःच वाहतूकदार म्हणून करार करतो. १९९३ च्या कायद्याने परिचालकाची व्याख्याच अशी केली आहे की तो मुख्य पक्ष म्हणून वागतो, माल पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा किंवा वाहतूकदाराचा एजंट म्हणून नव्हे. तोच माणूस, तेच कार्यालय, तीच ई-मेल. पण या एका फरकाने जबाबदारी शून्यावर येते किंवा पूर्ण होते.

हा फरक ओळखायचा कसा? फॉरवर्डरने स्वतःच्या नावाचे बिल किंवा बहुविध वाहतूक दस्तऐवज दिला आहे का, हे आधी पाहावे. त्याला व्यवहारात ‘हाऊस बिल’ म्हणतात. जहाज कंपनी फॉरवर्डरला देते ते ‘मास्टर बिल’. मग सहीखालचे शब्द वाचावेत. ‘वाहतूकदार म्हणून’ असे आहे की ‘वाहतूकदाराचा एजंट म्हणून’? एजंट म्हणून सही असेल, तर तो वाहतूकदार कोण, त्याचे नाव कागदावर हवे. पैशांवरूनही अंदाज येतो. कारखान्यापासून ग्राहकाच्या दारापर्यंत एकच ठोक दर घेतला, तर मुख्य पक्ष असल्याकडे कल जातो. ट्रकभाडे, जहाजभाडे, बंदर शुल्क यांची मूळ बिले जोडून वर सेवाशुल्क लावले, तर एजंट असल्याकडे. कुठलीही एक खूण निर्णायक नसते, न्यायालये सगळ्या एकत्र वाचतात. फक्त ‘माल मिळाला’ अशी फॉरवर्डरची पावती घेऊन बसलेल्या निर्यातदाराची बाजू मात्र कमकुवतच असते.

भरपाई किती मिळते?

समजा, परिचालक जबाबदार ठरला. तरी मालाची पूर्ण किंमत मिळेलच असे नाही, कारण कायदा भरपाईला कमाल मर्यादा घालतो. ही मर्यादा ‘एसडीआर’मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात मोजतात. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून एक एसडीआर १२० रुपयांचा धरू.

मालाचे स्वरूप व किंमत आधी जाहीर केलेली नसेल आणि नुकसानीचा टप्पा अज्ञात असेल, तर मर्यादा किलोमागे २ एसडीआर किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांपैकी जी रक्कम जास्त ती. वाहतुकीत समुद्राचा किंवा अंतर्गत जलमार्गाचा टप्पाच नसेल, तर किलोमागे ८.३३ एसडीआर. टप्पा ठाऊक असेल, तर मात्र हे आकडे बाजूला पडतात आणि त्या टप्प्याच्या वाहतुकीला जो कायदा लागू असेल त्यातली मर्यादा लागते.

आता सोलापूरच्या त्या काल्पनिक कंटेनरचा हिशेब करू. २०० खोकी, प्रत्येकी २५ किलोचे. दहा पॅलेटवर वीस-वीस रचलेली. एका खोक्याची किंमत १५ हजार रुपये. जर्मनीत दोन पॅलेट कमी निघाले, म्हणजे ४० खोकी, १००० किलो, ६ लाख रुपयांचा माल.

टप्पा अज्ञात आहे आणि दस्तऐवजावर ‘२०० खोकी’ असे लिहिले आहे. वजनाने मर्यादा २००० एसडीआर, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. नगाने ४० गुणिले ६६६.६७, म्हणजे सुमारे २६,६६७ एसडीआर किंवा ३२ लाख रुपये. जास्तीची रक्कम ३२ लाख, नुकसान ६ लाख. मर्यादा आडवी येतच नाही, पूर्ण ६ लाख मागता येतात.

आता दस्तऐवजावर फक्त ‘१० पॅलेट’ लिहिले आहे असे धरा. कायदा सांगतो की कंटेनर किंवा पॅलेटमधले नग दस्तऐवजात मोजून लिहिले असतील तरच ते वेगवेगळे नग. नाही तर पॅलेट हाच नग. दोन पॅलेटचे होतात १३३३ एसडीआर, त्यापेक्षा वजनाचे २००० जास्त. म्हणून भरपाई २ लाख ४० हजारांवर थांबते. दस्तऐवजाचा मसुदा मंजुरीसाठी ई-मेलवर येतो, तेव्हा कुणी तरी ‘२०० खोकी’ हे शब्द गाळू दिले आणि त्याची किंमत झाली ३ लाख ६० हजार रुपये.

टप्पा कळला तर फायदाच ना?

सामान्य समज तसा आहे, पण तो नेहमी खरा ठरत नाही. माल सोलापूर ते न्हावा-शेवा या रस्त्यावरच गेला असे निष्पन्न झाले, तर रस्तेवाहतूक कायदा २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम लागतात. तिथे मर्यादा भाड्याच्या दहापट. या टप्प्याचे ट्रकभाडे ४० हजार रुपये धरले, तर ४ लाख. म्हणजे टप्पा अज्ञात असताना जे ६ लाख मिळत होते, ते टप्पा कळल्याने २ लाखांनी घटले.

रेल्वेची गोष्ट आणखी वेगळी. नागपूरच्या मिहानमधल्या कंटेनर डेपोतून जेएनपीए बंदराकडे माल रेल्वेने जातो. तेवढाच १००० किलो माल त्या प्रवासात गेला असे सिद्ध झाले आणि मूल्य जाहीर करून जादा आकार भरलेला नसेल, तर रेल्वेच्या नियमांतली मर्यादा किलोमागे ५० रुपये. हिशेब ५० हजारांवर संपतो.

समुद्रावर गेला असेल तर फारसा फरक पडत नाही, कारण सागरी मर्यादेचे आकडेही २ आणि ६६६.६७ हेच आहेत. जर्मनीतल्या ट्रकप्रवासात गेला असेल, तर चित्र उलट दिसते. युरोपातील रस्तेवाहतुकीच्या सीएमआर कराराची आणि जर्मनीच्या व्यापारी कायद्याचीही मर्यादा किलोमागे ८.३३ एसडीआर आहे. हजार किलोला जवळपास १० लाख. दस्तऐवजावर नुसते ‘१० पॅलेट’ असले, तरी इथे पूर्ण ६ लाख हाती येतात. मालाचा काही प्रवास विमानाने असेल, तर माँट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा किलोमागे २६ एसडीआर झाली आहे.

एकच माल, एकच तूट आणि उत्तरे ५० हजारांपासून ६ लाखांपर्यंत. म्हणून ‘चौकशीत असे आढळले की माल भारतातच कमी झाला’ असे परिचालकाचे पत्र आले, तर ते सहकार्य समजून लगेच मान्य करण्याचे कारण नाही. टप्पा अमुक होता असे जो म्हणतो, त्याने तो पुराव्यानिशी दाखवायला हवा. नुसता अंदाज म्हणजे टप्पा ‘ठाऊक’ असणे नव्हे.

टप्पा शोधतात कसा?

सगळ्यात साधे साधन वजन आहे. १ जुलै २०१६ पासून, ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार, भरलेल्या निर्यात कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. सोलापूरच्या कंटेनरचा माल पाच टनांचा. त्यातला एक टन न्हावा-शेव्याच्या आधीच गेला असता, तर बंदराजवळच्या काट्यावर तो दिसला असता. वजन पूर्ण भरले असेल, तर भारतातला रस्ता संशयातून बाद होतो. अर्थात तो आकडा खरोखर कंटेनर काट्यावर चढवून आला आहे की मालाच्या यादीवरून बेरीज करून, हे पाहायला हवे. नियमांत दोन्ही पद्धती चालतात, पण बेरजेचा आकडा पुरावा म्हणून काहीच सांगत नाही.

त्यानंतर सील. प्रत्येक हस्तांतरणात कंटेनरच्या स्थितीची पावती होते आणि तीवर सील क्रमांक असतो. क्रमांक जिथे बदलला, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पावत्यांमध्ये उत्तर दडलेले असते. क्रमांक शेवटपर्यंत तोच राहिला, तर परिचालक विचारणार, मुळात २०० खोकी भरली होती कशावरून? कारखान्यात निर्यातदारानेच भरून बंद केलेल्या कंटेनरबाबत दस्तऐवजावर ‘पाठवणाऱ्याची मोजणी’ असा शेरा असतो आणि त्यामुळे दस्तऐवजाचा पुरावा पातळ होतो. अनेक निर्यातदारांचा सुटा माल बंदराजवळच्या गोदामात एकत्र भरला जातो, तेव्हा मोजणी परिचालकाच्या माणसांची असते. तिथे हा बचाव चालत नाही. स्वतः कंटेनर भरणाऱ्याने म्हणूनच भरतानाची छायाचित्रे, मोजणीपत्रक आणि काट्याची पावती जपून ठेवणे बरे.

मुदती कोणत्या पाळाव्या लागतात?

बाहेरून दिसणारी तूट माल ताब्यात घेतानाच लेखी कळवावी लागते. उघड न दिसणारी असेल, तर सहा दिवसांत. तसे न केल्यास दावा मरत नाही, पण माल ठीक पोहोचला असे गृहीत धरले जाते आणि सिद्ध करण्याचे ओझे वाढते. ही नोटीस जर्मनीतला ग्राहक देणार, सोलापूरचा निर्यातदार नव्हे. ग्राहकाला हे माहीत असतेच असे नाही. कंटेनर पोहोचण्याआधी त्याला एक ओळ लिहून कळवणारे निर्यातदार थोडेच.

माल अजिबात पोहोचला नाही, तर ठरलेल्या किंवा वाजवी तारखेनंतर सलग ९० दिवसांनी तो हरवला असे मानता येते. परिचालकावरचा दावा नऊ महिन्यांत दाखल व्हावा लागतो. जहाज कंपनीविरुद्ध एक वर्ष मिळते, या सवयीने बसून राहणाऱ्यांचा इथे घात होतो. ‘आम्ही चौकशी करतो आहोत’ अशा पत्रव्यवहारात आठ महिने सहज निघून जातात. भारतातल्या ट्रकमालकाविरुद्ध जायचे, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून या १८० दिवसांतला मोठा भाग कंटेनर उघडण्याआधीच संपतो.

विमा असला तरी या तारखा सुटत नाहीत. विमा कंपनी पैसे देते आणि मग निर्यातदाराच्या जागी उभी राहून परिचालकाकडून वसुली करते. ती वाट मुदत चुकवून बंद केली, तर दाव्यात अडचण येऊ शकते.

फॉरवर्डर एजंट म्हणूनच सही का करू पाहतात?

कारण त्यांचीही कोंडी होते. आपल्या उदाहरणात परिचालकाने निर्यातदाराला ६ लाख दिले. मग तो जहाज कंपनीकडे गेला. तिच्या मास्टर बिलावर मात्र ‘एक कंटेनर, १० पॅलेट’ एवढेच होते. तिची मर्यादा २ लाख ४० हजार. उरलेले ३ लाख ६० हजार परिचालकाच्या खिशातून जातात किंवा त्याने उतरवलेल्या दायित्व विम्यातून. एका कंटेनरमागे काही हजार रुपये मिळवणाऱ्या छोट्या फॉरवर्डरला असा एक दावा वर्षाचा नफा खाऊन टाकणारा ठरू शकतो. हाऊस बिल आणि मास्टर बिल यांवर नगांची संख्या सारखीच लिहून घेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

निर्यातदारासाठी दुसरा मार्ग म्हणजे मालाचे स्वरूप व किंमत आधीच जाहीर करून ती दस्तऐवजावर घेणे. मग या मर्यादा लागू होत नाहीत. त्यासाठी परिचालक जादा दर मागतो आणि बहुतेक निर्यातदार त्याऐवजी विमा पसंत करतात. टॉवेलसारख्या मालासाठी ते समजण्यासारखे आहे. हलक्या पण महाग सुट्या भागांच्या बाबतीत, जिथे एका खोक्यातच दहा लाखांचा माल असतो, हा हिशेब पुन्हा करून पाहायला हवा. तिथे नगामागची मर्यादा अवघी ८० हजार रुपयांची आहे.

आयात मालालाही हाच कायदा लागू होतो का?

नाही. १९९३ च्या कायद्यातली बहुविध वाहतूक म्हणजे भारतात माल ताब्यात घेऊन भारताबाहेर पोहोचवणे. उलट दिशेचा प्रवास त्यात बसत नाही आणि संपूर्ण देशांतर्गत प्रवासही नाही. जर्मनीहून चाकणला येणारे यंत्र वाटेत हरवले, तर परदेशी फॉरवर्डरच्या हाऊस बिलामागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी पाहाव्या लागतात. जगभर चालेल असा करार करण्याचा प्रयत्न झाला होता. २४ मे १९८० रोजी जिनिव्हात बहुविध वाहतुकीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर झाला, पण तो अमलात येण्यासाठी लागणारी ३० देशांची संमती आजवर जमलेली नाही. २००८ च्या रॉटरडॅम नियमांचेही तेच झाले. त्यामुळे चाकणच्या आयातदाराने बिलाची मागची बाजू वाचली, तर न्यायक्षेत्र हॅम्बुर्गचे आहे, हे त्याला माल हरवल्यानंतर कळण्याऐवजी आधी कळेल.